एक्सबा-वन डीएनए कापत नसेल, तर नळी परत पाठवण्याआधी

एन्झाइमांबद्दल आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. "पहिल्यांदा याच नळीतल्या एक्सबा-वनने डीएनए छान कापला, आता तोच जीन कापत नाही. माल खराब झाला का?" नळी बदलून द्यायला आमची ना नाही. पण गोम बहुतेक वेळा नळीत नसते, डीएनए कोणत्या जिवाणूतून काढला यात असते. म्हणून जिवाणू ही एन्झाइमे मुळात कशासाठी बनवतात, तिथून सुरुवात करू.

जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. १९५३ मध्ये बर्तानी आणि वाइगल यांना लॅम्डा फाजबाबत एक विचित्र गोष्ट दिसली. ई. कोलायच्या 'सी' जातीत वाढवलेला फाज 'के' जातीवर सोडला, तर दहा हजारांत जेमतेम एखादा तग धरतो. त्या एकाची पिल्लावळ मात्र 'के' वर बिनधास्त वाढते. हे उत्परिवर्तन असावे असे कुणालाही वाटेल, पण हीच पिल्लावळ एकदा 'सी' मधून काढली की पुन्हा 'के' वर तिची डाळ शिजत नाही. म्हणजे बदल जनुकात नव्हता. आधीच्या यजमानाने डीएनएवर काहीतरी खूण केली होती. १९६२ मध्ये जिनिव्हात वेर्नर आर्बर आणि डेझी दुस्वा यांनी दाखवले, की खूण नसलेला फाजचा डीएनए पेशीत शिरताच तोडला जातो.

यात जोडीने काम चालते. एक एन्झाइम ठरावीक अक्षरक्रम शोधून डीएनए कापते. दुसरे त्याच क्रमावर मेथिल गट चिकटवते, आणि तिथे पहिल्याची कात्री चालत नाही. उदाहरणार्थ, इको-आर-वन `GAATTC` हा क्रम ओळखते, आणि त्याचे जोडीदार एन्झाइम त्यातल्या दुसऱ्या A वर मेथिल बसवते. पेशी दुभंगताना डीएनएची नवी साखळी बिनखुणेची असते, पण जुन्या साखळीवरची खूण तेवढ्यापुरती संरक्षणाला पुरते. फाजपाशी अशी जुनी साखळी नसते. क्वचित मेथिल लावणारे एन्झाइम आधी पोचते आणि तो फाज सुटतो. दहा हजारांतला तो एक असाच सुटलेला.

सुरुवातीला सापडलेली अशी एन्झाइमे क्रम ओळखत, पण कापत भलतीकडेच, त्यामुळे क्लोनिंगला निरुपयोगी. १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स यांना हिमोफिलस इन्फ्लुएंझा जिवाणूत ओळखलेल्या जागीच कापणारे एन्झाइम मिळाले. पुढच्या वर्षी कॅथलीन डाना आणि डॅनियल नेथन्स यांनी त्याने एसव्ही ४० विषाणूच्या डीएनएचे ११ तुकडे केले. आर्बर, स्मिथ आणि नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले. दुस्वा, विल्कॉक्स, डाना यांची नावे मात्र पाठ्यपुस्तकांत शोधावी लागतात.

आता तुमच्या एक्सबा-वनकडे येऊ. ते `TCTAGA` कापते. समजा, प्रायमरमध्ये ही जागा घातली आणि तिच्या लगेच पुढे जीनची पहिली अक्षरे `TC` आली. मग तयार होतो:

```
TCTAGATC
```

शेवटची चार अक्षरे `GATC` आहेत. डीएच ५ अल्फासारख्या नेहमीच्या ई. कोलाय जातींतले डॅम हे एन्झाइम `GATC` मधल्या A वर मेथिल बसवते. हे डॅम कोणत्याही कापणाऱ्या एन्झाइमाचे जोडीदार नाही, पेशी ते मुख्यतः डीएनए-दुरुस्तीसाठी वापरते. पण तो A एक्सबा-वनच्या जागेतलाच असल्याने परिणाम तोच होतो: कात्री अडते. पीसीआरने बनवलेल्या तुकड्यावर मेथिल नसतो, म्हणून पहिल्यांदा तो कापला गेला. तोच तुकडा प्लाझ्मिडमध्ये जोडून डीएच ५ अल्फात वाढवला, की हटून बसला. मागच्या बाजूला `GA` आले तरी `GATC` बनतो आणि हेच घडते.

खात्री करायला त्याच प्लाझ्मिडवर डीपीएन-वन चालवा. ते फक्त मेथिल लागलेला `GATC` कापते, त्यामुळे जेलवर छोटे तुकडे दिसले तर डॅमची खूण आहे हे नक्की. मग क्रमाच्या नकाशात एक्सबा-वनच्या जागेला `GATC` चिकटलेला आहे का, ते पाहा. शिवाय प्लाझ्मिडमधून तोच भाग पीसीआरने काढून एक्सबा-वन लावा. तो कापला गेला, तर एन्झाइम शाबूत आहे. (पीसीआरचा तुकडा असेल तर जागेच्या बाहेरच्या टोकाला काही जादा अक्षरे हवीत, नाहीतर एन्झाइमाला पकड मिळत नाही.)

उपाय म्हणजे प्लाझ्मिड जेएम ११० सारख्या डॅम नसलेल्या जातीत एकदा वाढवून पुन्हा काढणे. अशा जातींत ट्रान्सफॉर्मेशन कमी होते आणि उत्परिवर्तने जास्त, म्हणून कायमचा साठा तिथे ठेवू नका. कापत नाही म्हणून एन्झाइम ओतत सुटू नका. नळीत ५०% ग्लिसरॉल असते, आणि एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागाहून जास्त झाले, तर काही एन्झाइमे भलत्याच जागा कापू लागतात.

तक्रार पाठवताना नळीचा लॉट क्रमांक, जेलचा फोटो आणि प्लाझ्मिड कोणत्या जातीतून काढला तिचे नाव एवढे जरूर कळवा. जातीचे नाव बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि आम्ही सर्वांत आधी तेच विचारतो.