वडलांच्या एफडीच्या पावत्या आणि तीन वेगळे आकडे : गोष्टीमागची पार्श्वभूमी

मी लिहिलेली गोष्ट एवढीच आहे की नागपुरात महाल भागातल्या जुन्या घराचं कपाट आवरताना एका मुलाला वडलांच्या एफडीच्या पावत्या सापडतात, आणि बँक सांगते तो आकडा त्याला पटत नाही म्हणून तो स्वतःच हिशोब करायला बसतो. वाचणाऱ्यांनी विचारलं की हिशोबात एवढं भांडण्यासारखं काय आहे, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी त्या मुलाची बाजू. त्याच्या वडलांच्या पिढीला एफडी म्हणजे पैसे दुप्पट होणारी वस्तू वाटायची आणि ते खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेनं ठरवलेला दर 13 टक्क्यांपर्यंत गेला होता, तिमाही चक्रवाढीनं साधारण 65 महिन्यांत डबल. पुढे टप्प्याटप्प्यानं मोकळीक देत ऑक्टोबर 1997 पर्यंत मुदत ठेवींचे दर सगळेच बँकांवर सोडले. बचत खात्याचा दर मात्र रिझर्व्ह बँकेनं 25 ऑक्टोबर 2011 पर्यंत स्वतःकडेच ठेवला, तो मार्च 2003 पासून साडेतीन आणि मे 2011 पासून 4 टक्के होता. हा 4 चा आकडा लक्षात ठेवा, सगळी भानगड त्याचीच आहे.

गोष्टीतली मोठी पावती 10 जून 2010 ची, 1 लाख रुपये, 5 वर्षं, 8 टक्के, व्याज मुद्दलात मिळवायचं. तिमाहीला 2 टक्के, 20 तिमाह्या, म्हणजे 10 जून 2015 ला 1,48,595 रुपये. एवढा आकडा पावतीवरच छापलेला असतो, त्यावर वाद नाही. वाद पुढच्या 8 वर्षांचा, कारण मुलगा बँकेत जातो जून 2023 मध्ये. तो एक्सेल उघडतो आणि 13 वर्षांच्या 52 तिमाह्या धरून टाकतो:

```
=100000*(1+8%/4)^52
```

आले 2,80,033. सीताबर्डीच्या शाखेतला ऑफिसर म्हणतो, "भाऊ, मुदत संपली की एफडी संपली, पुढं सेव्हिंगचं व्याज." 1,48,595 वर 4 टक्के सरळव्याज, 8 वर्षांचे 47,550, एकूण 1,96,145.

आता माझ्या मते दोघंही चुकतात, आणि ते का हे कळायला वडील कधी गेले ते बघावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या ठेवींवरच्या व्याजाच्या निर्देशांत मयत ठेवीदारासाठी वेगळी सोय आहे. ठेवीदार मुदतीनंतर वारला असेल तर मुदतीच्या दिवशी जो बचत दर होता तो, म्हणजे ऑफिसरचं बरोबर. पण मुदतीच्या आधी वारला आणि पैसे नंतर मागितले, तर मुदतीपर्यंत करारातला दर आणि त्यापुढे मुदतीच्या तारखेला लागू असलेल्या दरानं सरळव्याज. मी गोष्टीत वडलांना मार्च 2015 मध्ये, मुदतीच्या तीन महिने आधी नेलं ते यासाठीच. त्या तारखेला बँकेचा एफडीचा लागू दर पण 8 च होता असं धरलं तर 8 वर्षांचं व्याज 95,100 होतं आणि एकूण 2,43,695. मुलाला वाटत होतं त्यापेक्षा कमी, पण ऑफिसर देत होता त्यापेक्षा 47,550 जास्त, आणि हा सगळा फरक मृत्यूच्या दाखल्यावरच्या एका तारखेचा. काउंटरवर दाखला घेतात, फाइलला लावतात, पण ती तारीख पावतीच्या तारखेशी कोणी ताडून पाहत नाही, ते मुलानं स्वतःच करून दाखवावं लागतं.

अजून एक शक्यता मी गोष्टीत फक्त ओझरती ठेवली. ठेव उघडताना फॉर्मवर ऑटो रिन्यूअलला टिक केली असेल तर ती मुदतीला संपतच नाही, त्या दिवशीच्या दरानं पुन्हा लागते आणि चक्रवाढ चालू राहते, मग 2,80,033 च्या जवळपास जाणं पण शक्य आहे (दर मध्येच घसरले असतील तर कमी). म्हणून त्याची बहीण त्याला सांगते, "दादा, पावती उलटी करून पाय ना." मागच्या बाजूला नूतनीकरणाचा शिक्का आणि सही असू शकते. नसली तर बँकेकडे मूळ अर्जाची नक्कल मागायची. नॉमिनी असणं वेगळं, त्यानं व्याज बदलत नाही, आणि नॉमिनीच्या हातात पैसे वारसांच्या वतीनं येतात हे पण बहिणीलाच आठवतं.

दुसरी पावती 1998 ची, 5 वर्षांची. ती 2003 ला पिकली, 10 वर्षं कोणी मागितली नाही, म्हणून 2014 ला सुरू झालेल्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत गेली. तिथं गेल्यावर पैसे बुडत नाहीत, मागणी बँकेकडेच करायची असते, बँक देते आणि रिझर्व्ह बँकेकडून वसूल करते. पण निधीत गेल्यानंतरचं व्याज फार थोडं, आधी 4, जुलै 2018 पासून साडेतीन, 11 मे 2021 पासून 3 टक्के, ते पण सरळव्याज. म्हणून त्या पावतीसाठी एक्सेलमध्ये एक सूत्र पुरत नाही, दर बदलला त्या प्रत्येक तारखेला नवी ओळ पाडावी लागते, आणि मुलगा शेवटच्या पानावर तेच करून राहिला आहे.