बारा पानं, आठ रंग

“एकेक चित्र छान आहे हो, पण शेजारी शेजारी लावली की एका घरातली वाटत नाहीत.” फोटोंवरून चित्रमालिका करून घेणारे हे हमखास म्हणतात. बहुतेक वेळा दोष चित्रकाराचा नसतो. प्रत्येक फोटोतून वेगळे रंग काढलेले असतात, म्हणून तसं होतं. आम्ही काय करतो, ते साताऱ्याच्याच एका कॅलेंडरवरून सांगतो.

फोटो बारा होते: कासचं पठार, ठोसेघरचा धबधबा, मेणवलीचा घाट, लिंबची बारा मोटांची विहीर वगैरे. आधी सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स सारखा केला. ते राहिलं तर ठोसेघरच्या धुक्याची निळसर झाक स्वतंत्र रंग म्हणून एक जागा अडवते. मग प्रत्येक फोटो लहान करून सारखेच पिक्सेल घेतले, सगळे एकत्र केले आणि संगणकाला त्यांचे आठ गट पाडायला लावले. प्रत्येक गटाची सरासरी म्हणजे एक रंग.

इथवर काम यंत्राचं, पण त्यावर थांबून चालत नाही. आठांपैकी तीन रंग जवळजवळ एकच हिरवे निघाले, कारण पावसाळ्यातल्या फोटोंत गवतच जास्त. कासच्या ‘सीतेची आसवं’ या फुलांचा जांभळा मात्र आलाच नाही. फुलं एवढीशी, त्यांचे पिक्सेल हिरव्याच्या सरासरीत विरघळून गेले. म्हणून दोन हिरवे एक केले आणि रिकाम्या जागी जांभळा हाताने बसवला. सरासरीमुळे रंग मळकटही होतात, तेव्हा बाकीच्यांचा भडकपणा किंचित वाढवला.

मग सगळं कृष्णधवल करून पाहिलं, तर फुलं गवतात गायब! काळ्याला 0 आणि पांढऱ्याला 100 धरलं, तर हिरव्याचा उजळपणा 48 होता आणि जांभळ्याचा 45. जांभळा 62 वर नेल्यावर फुलं दिसू लागली.

आठही रंग प्रत्येक चित्रात लागतातच असं नाही. पण रेषेचा गडद रंग आणि कागदाचा पिवळसर पांढरा हे दोन बाराही पानांवर अगदी तेच ठेवतो. आमच्या मते संच बांधला जातो तो या दोन रंगांनीच.

माणसांच्या चेहऱ्यांना ही पद्धत जशीच्या तशी लावत नाही, कातडीला जांभ्या दगडाचा रंग चढतो. आणि स्क्रीनवरचा चमकदार जांभळा छपाईत फिका पडतो, त्यामुळे ज्या कागदावर छापायचं त्यावरच प्रूफ बघून होकार द्या.

फोटो सगळे एकदम आणि मूळ फाइलमध्येच द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि सावल्यांत रंगांचे ठोकळे पडतात. पुढे तेरावा फोटो आणलात तर रंग नव्याने काढत नाही. त्यालाच जुन्या आठांत बसवतो.