पुणे जिल्ह्यातील नदीखोरी

पुणे जिल्हा जवळजवळ सगळाच कृष्णेच्या खोऱ्यात, त्यातही भीमेच्या उपखोऱ्यात येतो. सह्याद्रीच्या कड्यापलीकडची चिंचोळी पट्टी तेवढी कोकणात उतरते. त्यामुळे एखादे गाव ‘कृष्णा खोऱ्यात’ आहे, एवढ्या उत्तराने फारसे काही कळत नाही. खरा प्रश्न असतो भीमेच्या कोणत्या उपनदीचा. उत्तरेकडे कुकडी, मीना आणि घोड, मध्यभागी भामा, इंद्रायणी आणि मुळा-मुठा, दक्षिणेकडे कऱ्हा आणि नीरा या त्यांतल्या प्रमुख नद्या.

गावाचे खोरे ठरवताना जवळची नदी पाहू नये, गावचा ओढा धरून खाली जावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर हे घरबसल्या करता येते. गावाच्या आसपासच्या समोच्च रेषा पाहाव्यात. त्यांचे टोक चढाकडे वळले असेल तर तिथे ओढ्याची घळ असते, उताराकडे वळले असेल तर डोंगराची सोंड. सोंडा आणि माथे जोडत गेले की पाणलोटाची सीमा मिळते. मग ओढा ज्या नदीला मिळतो ती नदी, आणि ती पुढे जिला मिळते ती, असे नोंदवत जायचे.

सासवडचे उदाहरण घेऊ. पुण्याहून दिवे घाट चढला की थोड्याच वेळात सासवड येते, म्हणून ते मुळा-मुठेचे वाटते. पण घाटमाथा हीच इथली पाणलोट सीमा आहे. उत्तर उतारावरचे पाणी मुळा-मुठेकडे जाते, दक्षिणेकडचे कऱ्हेला. सासवड कऱ्हा आणि चांबळीच्या संगमाशी वसले आहे. तिथून कऱ्हा जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून बारामतीकडे जाते, सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. पुण्याचे पाणी मात्र रांजणगाव सांडसजवळच भीमेत येऊन उजनीत जाते. म्हणजे शेजारच्या या दोन शहरांचे पाणी थेट उजनीच्या खाली, नरसिंहपूरला एकत्र येते. कात्रज घाटातही असेच आहे. अलीकडचे पाणी मुठेचे, पलीकडे खेड-शिवापूरचे शिवगंगेवाटे नीरेचे.

नळाला किंवा शेताला येणाऱ्या पाण्यावरून खोरे ठरवले की हमखास चूक होते. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचे पाणी उचलून कऱ्हेच्या खोऱ्यात नेते, पण त्याने सासवडचे खोरे बदलत नाही. मुळशी धरण मुळेवर, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात आहे, तरी त्याचे पाणी बोगद्याने भिऱ्याच्या वीजकेंद्रात आणि पुढे कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाते. लोणावळ्याच्या वळवण धरणाचे खोपोलीमार्गे तसेच होते. खोरे जमिनीच्या उतारावर ठरते, नळ आणि कालवे कुठून येतात त्यावर नाही.

नावांनीही घोटाळा होतो. पुण्याची मुळा भीमेची, तर अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा प्रवरेला मिळून गोदावरीला जाते. या दोन खोऱ्यांमधून हरिश्चंद्रगड-बालाघाटची रांग जाते, म्हणून जुन्नरच्या उत्तर सीमेवरच्या वस्त्यांचे ओढे नकाशावर विशेष काळजीने तपासावे लागतात. दौंड-इंदापूरकडच्या सपाट भागात माथाच नजरेला पडत नाही. तिथे नकाशाबरोबर पावसाळ्यात पाणी कोणत्या मोरीखालून कुठे वाहते, ते गावच्या शेतकऱ्यांकडून विचारून घ्यावे.