मामाची जमीन, भाच्याचा जामीन : जामीनदाराच्या प्रतिज्ञापत्रामागचा इतिहास

आज आपण ‘जामीन मिळाला’ असे म्हणतो तेव्हा आपल्या मनात आरोपीची सुटका असते. जुन्या मराठीत मात्र जामीन हा माणूस होता, आणि ‘तो त्याला जामीन राहिला’ या वाक्यात तो अर्थ अजूनही टिकून आहे. जुन्या व्यवहारात त्याचे प्रकारही वेगळे मोजले जात. रकमेची हमी घेणारा तो मालजामीन, चांगल्या वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन आणि माणसाला वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा तो हजीरजामीन. फौजदारी न्यायालयात नातेवाईक जे प्रतिज्ञापत्र करतो, ते या तिसऱ्या प्रकारच्या जबाबदारीचे आहे. त्यात मालमत्तेचा तपशील लिहिला जात असला, तरी ती मालमत्ता गहाण पडत नाही. दिलेला शब्द पेलण्याची ऐपत आपल्याजवळ आहे, एवढेच त्या तपशिलाने दाखवायचे असते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत बंधपत्र आणि जामीनदार यांची तरतूद कलम ४९९ मध्ये होती. जामीनदाराच्या ऐपतीची खात्री न्यायालयाने करून घ्यायची, आणि ती चौकशी लांबली की जामिनाचा हुकूम हातात असूनही माणूस कोठडीतच राहायचा. १९५५ च्या दुरुस्तीने या कलमात एक पोटकलम आले. जामीनदार पुरेसा आहे की नाही हे ठरवताना न्यायालय प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून स्वीकारू शकते, आणि आवश्यक वाटल्यास पुढील चौकशी करू शकते, असा त्याचा आशय होता. १९७३ च्या संहितेत हीच तरतूद कलम ४४१ मध्ये आली आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८५ मध्ये आहे. प्रतिज्ञापत्र हा यातला सरळ मार्ग आहे आणि चौकशी ही गरजेपुरती आहे, असे मी या तरतुदीचे वाचन करतो. प्रत्यक्षात अनेकदा प्रतिज्ञापत्रावर तहसीलदाराचा ऐपत दाखलाही मागितला जातो, आणि मग ज्या विलंबावर उपाय म्हणून ही तरतूद आली तोच विलंब मागच्या दाराने परत येतो.

सोलापुरात या प्रश्नाला भूगोलाचा आणखी एक पदर आहे. स्वातंत्र्यापूर्वी सोलापूर हे मुंबई इलाख्यातले शहर होते, शेजारचे अक्कलकोट हे संस्थान होते आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात होते. विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. हद्दी बदलल्या, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. पूर्व भागातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्या मुलाचा मामा विजापूर जिल्ह्यातल्या इंडी तालुक्यात शेती करतो, यात सोलापूरकराला नवल वाटत नाही. न्यायालयात मात्र त्याच मामाला ‘स्थानिक जामीनदार नाही’ म्हणून माघारी जावे लागण्याची शक्यता असते.

या आक्षेपाला सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच उत्तर दिले आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात आरोपी हा गरीब गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केल्यानंतर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि आरोपीचा भाऊ जामीन राहायला तयार असताना, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे कारण घटनेच्या समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवले आणि आरोपीला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. पुढे ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने केली आणि अशा प्रकरणांत ही अट घालू नये असे सुचवले.

आता इंडीच्या त्या मामाचे प्रतिज्ञापत्र कसे उभे राहते ते पाहू. समजा, भाच्याला २५,००० रुपयांच्या बंधपत्रावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर सोडण्याचा हुकूम झाला आहे. मामाकडे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या जागी कर्नाटकातला पहाणी उतारा आहे, तोही कन्नडमध्ये. म्हणून सोबत मराठी भाषांतर जोडणे शहाणपणाचे. उताऱ्यावर ४ एकर २० गुंठे जमीन तीन भावांच्या नावे सामाईक आहे. इथे हमखास चूक होते. संपूर्ण क्षेत्र स्वतःचे म्हणून लिहिले जाते, उताऱ्यावरची तीन नावे वाचताच ती लक्षात येते आणि मग बाकीच्या खऱ्या मजकुराबद्दलही शंका निर्माण होते. ४ एकर २० गुंठे म्हणजे १८० गुंठे. हिस्से समान असतील तर मामाचे ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. एकरी ४ लाख किंमत धरली तर त्याच्या हिश्श्याचे ६ लाख होतात. त्याच्या नावावर सोसायटीचे ८०,००० रुपयांचे पीककर्ज असेल तर तेही लिहून वजा करावे. तरी ५ लाख २० हजार उरतात, आणि २५,००० रुपयांच्या हमीसाठी ते भरपूर आहेत. बोजा लपवण्याची इथे काहीच गरज नसते, आणि लपवला तर खोट्या प्रतिज्ञेचा गुन्हा अंगाशी येतो.

मालमत्तेनंतर नाते लिहायचे. ‘आरोपी हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा असून तो लहानपणापासून माझ्या परिचयाचा आहे, त्याचा राहता पत्ता मला माहीत आहे आणि नेमलेल्या प्रत्येक तारखेस त्याला हजर ठेवण्याची हमी मी घेतो’ असे वाक्य, माझ्या मते, उताऱ्याइतकेच वजनदार असते, कारण भाचा कुठे आहे हे त्याच्या मामाला पैसे घेऊन उभ्या राहणाऱ्या अनोळखी जामीनदारापेक्षा नक्कीच अधिक माहीत असते. अशा धंदेवाईक जामीनदारांना आळा बसावा म्हणून २००५ च्या दुरुस्तीने कलम ४४१-अ आणले. आपण याआधी किती जणांना जामीन आहोत, हे प्रत्येक जामीनदाराने तपशिलासह जाहीर करायचे असते. आता ही तरतूद कलम ४८६ मध्ये आहे. आधी कोणालाही जामीन राहिला नसेल, तर मामाने तसेही स्पष्ट लिहावे, कारण ती जागा कोरी राहिली की प्रश्न निघतो.

भाचा तारखेला आला नाही तर काय, हे सही करण्यापूर्वी मामाला त्याच्या भाषेत, गरज पडल्यास कन्नडमध्ये, समजावून सांगायला हवे. शेत लगेच जप्त होत नाही. बंधपत्र जप्त झाल्याची नोंद न्यायालय कारणांसह करते आणि दंडाची रक्कम का भरू नये याची नोटीस जामीनदाराला देते. पुरेसे कारण दाखवता आले नाही आणि रक्कमही भरली नाही, तर ती दंडासारखी वसूल होते. वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेचा हुकूम होऊ शकतो. कारणे नोंदवून काही रक्कम माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. म्हणून नोटीस आल्यावर मामाने घरी बसून राहू नये; भाचा आजारी असेल तर दवाखान्याचे कागद, आणि सापडत नसेल तर आपण कुठे कुठे शोध घेतला त्याचा तपशील घेऊन हजर व्हावे.

मुलगा हाताबाहेर जातो आहे असे आधीच दिसले, तर कलम ४८९ खाली मामा स्वतःच अर्ज करून या हमीतून मोकळा होऊ शकतो. असा अर्ज आल्यावर न्यायालय आरोपीला आणण्यासाठी वॉरंट काढते, आरोपी हजर झाला की मामाचे बंधपत्र रद्द होते, आणि भाच्याला दुसरा जामीनदार द्यावा लागतो. तो मिळाला नाही तर त्याची रवानगी पुन्हा तुरुंगात होऊ शकते.