नसलेल्यांखेरीज कोणासही नाही

आमच्या सोसायटीच्या फलकावर दिवाळीआधी एक नोटीस लागली: "थकबाकीदार नसलेल्या सभासदांखेरीज इतर कोणासही सभागृह आरक्षित करता येणार नाही." व्याकरणात खोट नव्हती आणि नियमही साधाच होता. तरी दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे आजोबा, ज्यांचं देखभाल शुल्क वर्षभराचं आगाऊ भरलेलं असतं, सेक्रेटरींच्या दारात उभे. "आम्ही काय घोडं मारलंय? आम्हाला का नाही हॉल?" उलट सहा महिन्यांची बाकी असलेले एक गृहस्थ अगदी निर्धास्त. त्यांच्या मते नोटीस इतरांसाठी होती. सेक्रेटरींनी नोटीस ठळक अक्षरांत पुन्हा छापून लावली. काही फरक पडला नाही, कारण अडचण डोळ्यांची नव्हती.

वाक्यातले नकार मोजून पाहा. "नाही" तर समोरच आहे. "खेरीज" हा दुसरा, "नसलेल्या" हा तिसरा. चौथा लपलेला आहे: "थकबाकीदार" म्हणजे ज्याने पैसे भरलेले नाहीत तो, म्हणजे शब्दाच्या पोटातच नकार. प्रत्येक नकारापाशी अर्थ कूस बदलतो. भरले नाहीत असे, तसे नसलेले, ते सोडून बाकीचे, त्यांना नाही. या उलटसुलट वळणांत वाचकाचा एक पलटा निसटला, की अर्थ थेट विरुद्ध टोकाला जातो. आजोबांचं तेच झालं. "नसलेल्या सभासदांना" आणि "नाही" एवढंच त्यांच्या मनात उरलं आणि मधलं "खेरीज" गळून पडलं.

नकार डोक्याला जड जातो हे मोजून पाहिलेलं आहे. लंडनमध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1959 पासून यावर प्रयोग केले. लोकांना "सात ही सम संख्या नाही" अशा धर्तीची वाक्यं द्यायची आणि खरं की खोटं ते ठरवायला लावायचं. नकारी वाक्यांना होकारी वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागायचा आणि चुकाही जास्त व्हायच्या. पुढे 2006 मध्ये बार्बरा काउप आणि सहकाऱ्यांनी हा वेळ आणखी जवळून पाहिला. "दार उघडं होतं" असं वाक्य वाचून झाल्यावर पाऊण सेकंदाने उघड्या दाराचं चित्र दाखवलं, तर लोक ते चटकन ओळखत. "दार उघडं नव्हतं" या वाक्यानंतर मात्र बंद दाराच्या चित्राला असा फायदा मिळायला दीड सेकंद जावा लागला. नाकारलेली गोष्ट मन आधी उभी करतं आणि मग बाजूला सारतं, असा याचा एक अर्थ लावला जातो. फलकासमोर पिशवी सांभाळत लिफ्टची वाट पाहणारा माणूस हे चार वेळा करत बसणार नाही. तो दोन-तीन ओळखीचे शब्द उचलतो आणि बाकीचा अर्थ स्वतः जुळवतो.

या जुळवणीमुळे कधी उलटा चमत्कारही होतो. "ओळखपत्र नसल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही" अशी पाटी समोर आली तर कोणी अडणार नाही. पण अक्षरशः वाचलं तर तिचा अर्थ, ओळखपत्र नसेल तरच आत या! लिहायचं होतं "असल्याशिवाय". पण लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही नियम काय असणार हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे वाक्य चुकलं तरी अर्थ बरोबर पोचतो. आमच्या सभागृहाच्या बाबतीत असा आधार नव्हता. हॉल कोणाला मिळावा याबद्दल लोकांना आधीपासून काही पक्कं माहीत नव्हतं, म्हणून व्याकरणशुद्ध वाक्यही चुकीचं पोचलं.

तेव्हा दोन नकार आले की गोंधळ होतोच, असं नाही. "हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळणार नाही" यात दोन नकार आहेत, पण "शिवाय… नाही" ही जोडी मराठी कानाला इतकी सरावाची आहे की ती आपण एकाच शब्दासारखी वाचतो. गोंधळ सुरू होतो तो या जोडीत तिसरा नकार शिरतो तेव्हा, विशेषतः "थकबाकीदार", "अपात्र", "विनापरवाना" यांच्यासारखा नकार पोटात घेतलेला.

नोटीस सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत लिहिलं: "थकबाकी नसलेल्यांना सभागृह मिळेल." सुटसुटीत, पण चूक. सेक्रेटरींनी एका कागदावर चार माणसं मांडली: पैसे भरलेला सभासद, बाकी असलेला सभासद, घरमालकाने सगळं भरलंय असा भाडेकरू आणि घरमालकाची बाकी आहे असा भाडेकरू. जुन्या नोटिशीनुसार फक्त पहिल्यालाच दार उघडं होतं. माझ्या वाक्यात "सभासद" हा शब्दच गळाला होता, त्यामुळे तिसरा माणूसही आत शिरला.

दुसरी चूक याहून बारीक होती. जुनी नोटीस एवढंच सांगत होती की पैसे भरल्याखेरीज हॉल मिळत नाही. पैसे भरले की हॉल मिळालाच, असं ती कुठेही म्हणत नव्हती. त्या दिवशी हॉल आधीच कोणीतरी घेतलेला असू शकतो. माझ्या "मिळेल"ने अटीचं आश्वासन करून टाकलं. नकार काढताना हा घोटाळा फार सहज होतो. "ना हरकत" पत्राचंही तसंच आहे. आमची हरकत नाही, एवढंच ते सांगतं. त्याला "मंजुरी" म्हटलं तर अर्थ सरळ झाला असं वाटेल, प्रत्यक्षात तो बदललेला असेल.

मराठीत या जागी आपल्याकडे एक अक्षरी अवजार आहे: "च". पण ते कुठे लावायचं हे बघावं लागतं. "सभासदांनाच सभागृह मिळेल" म्हणजे इतरांना नाही. "सभासदांना सभागृहच मिळेल" म्हणजे गच्ची मागू नका. "सभासदांना सभागृह मिळेलच" म्हणजे पुन्हा ते आश्वासन. आम्हाला पहिला "च" हवा होता. तो "खेरीज" आणि "नाही" या दोघांचं काम एकटा करतो.

शेवटी फलकावर हे लागलं: "सभागृह फक्त सभासदांनाच आरक्षित करता येईल. आरक्षणाआधी देखभाल शुल्काची सगळी बाकी भरलेली असावी. भाडेकरूंना सभागृह आरक्षित करता येणार नाही." शेवटच्या वाक्यातला नकार मुद्दाम ठेवला. वेसननेच 1965 मध्ये दाखवलं होतं की समोरच्याच्या मनात एखादी अपेक्षा असेल आणि ती खोडायची असेल, तर नकार तितका जड जात नाही. भाडेकरू विचारायला येणारच होते. त्यांच्यासाठी स्वच्छ "नाही" हाच जवळचा रस्ता.

लावण्याआधी तीन शेजाऱ्यांना वाचायला दिलं. "समजलं का?" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी तीच चार माणसं पुढे ठेवली आणि हॉल कोणाला घेता येईल ते सांगायला लावलं. तिघांचीही चारही उत्तरं बरोबर आली. जुनी नोटीस याच पद्धतीने आणखी दोघांना दिली होती. त्यातल्या एकाने आजोबांसारखंच उत्तर दिलं.

नवी नोटीस लागल्यावर आजोबांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि विचारलं, "सगळी बाकी म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतची? या महिन्याचं बिल आजच आलंय." नियमांची वही काढून पाहिली. तारीख कुठेच लिहिलेली नव्हती.