ट्यूमर ग्रेड (स्तनाच्या कर्करोगातील)

कर्करोगाच्या पेशी मूळ निरोगी पेशींपासून किती बदलल्या आहेत, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवतो. त्या निदानाला ग्रेड म्हणतात. आजार शरीरात किती पसरला हे स्टेज सांगते. ‘ग्रेड ३’ वाचून ‘तिसरी स्टेज’ समजणारे आणि विनाकारण हादरून जाणारे नातेवाईक पुष्कळ असतात. ग्रेड ३ची गाठ पहिल्या स्टेजची असू शकते.

पेशीने आपल्या अवयवाचे रूप आणि काम घेणे म्हणजे डिफरन्शिएशन. स्तनातील ग्रंथींच्या पेशी नलिका रचतात. गाठीतही नलिका दिसत असतील तर ती ‘वेल डिफरन्शिएटेड’, म्हणजे ग्रेड १. ओळख पुसून पेशी नुसत्या दाटीवाटीने वाढत असतील तर ‘पुअरली डिफरन्शिएटेड’, म्हणजे ग्रेड ३. अशा गाठी सहसा वेगाने वाढतात.

नॉटिंगहॅम पद्धतीत तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. गाठीच्या ७५ टक्क्यांहून अधिक भागात नलिका असल्यास १, दहा टक्क्यांहून कमी भागात असल्यास ३. दुसरी गोष्ट केंद्रकांचा आकार आणि बेढबपणा, तिसरी ठरावीक क्षेत्रात मोजलेल्या, विभाजन चालू असलेल्या पेशींची संख्या. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

समजा, अहवालात २+३+२=७ लिहिले आहे, गाठ २ सेंटिमीटरची आहे आणि काखेतील लसिकाग्रंथी स्वच्छ आहेत. आजाराच्या भवितव्याचा अंदाज देणाऱ्या नॉटिंगहॅम निर्देशांकात गाठीच्या सेंटिमीटरमधील आकाराची ०.२ पट, ग्रंथींचा गुण आणि ग्रेड यांची बेरीज करतात. ग्रंथी स्वच्छ असल्यास त्यांचा गुण १ असतो. म्हणून ०.४+१+२=३.४, म्हणजे चांगल्या भवितव्याचा गट. विभाजनाचा गुण २ऐवजी ३ असता तर बेरीज ८, ग्रेड ३ आणि निर्देशांक ४.४ झाला असता, म्हणजे मध्यम गट. एका गुणाने एवढा फरक पडतो, म्हणून अहवालात नुसती ग्रेड न पाहता तिन्ही गुण पाहावेत.

नेमका हाच तिसरा गुण सर्वांत नाजूक असतो. शस्त्रक्रियेनंतर ऊतक फॉर्मॅलिनमध्ये घालायला उशीर झाला, किंवा मोठा नमुना न कापता तसाच बुडवल्याने फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचले नाही, तर विभागणाऱ्या पेशी ओळखता येत नाहीत आणि ग्रेड खऱ्याहून कमी भरते. सुईच्या बायोप्सीत गाठीचा छोटासाच तुकडा येतो. पूर्ण गाठ काढल्यावर ग्रेड वाढलेली दिसली, तर मधल्या काळात आजार बळावला असे लगेच समजू नये.

एकट्या ग्रेडवरून उपचार ठरत नाहीत. ईआर आणि पीआर या हार्मोन-ग्राहकांच्या व हर-२ या प्रथिनाच्या चाचण्या, गाठीचा आकार, ग्रंथी आणि वय यांच्यासोबत ती वाचली जाते. ईआर पॉझिटिव्ह, ग्रेड १च्या छोट्या गाठीत ग्रंथी स्वच्छ असतील तर बहुधा हार्मोनविरोधी गोळ्या पुरतात, केमोची गरज पडत नाही. ग्रेड ३मध्ये केमोचा विचार अधिक होतो. बहुतेक केमो औषधे विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यामुळे अशा गाठी औषधाला अनेकदा चांगला प्रतिसादही देतात. ग्रेड २ मात्र सरमिसळ गट आहे. ईआर पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह असलेल्या अशा गाठीत केमो द्यावी की नाही हे ठरवताना डॉक्टर कधी गाठीच्या जनुकीय चाचणीचाही आधार घेतात.