‘यस्टरडे नाइट’ आणि ‘फ्रॉम लास्ट वीक’ : मुंबईच्या इंग्रजीतले कालवाचक प्रयोग

‘काल रात्री’, ‘आज सकाळी’, ‘गेल्या आठवड्यापासून’ हे मराठी शब्द जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले की ‘यस्टरडे नाइट’, ‘टुडे मॉर्निंग’, ‘फ्रॉम लास्ट वीक’ तयार होतात. मुंबईच्या ऑफिसात, कॉलेजात, दवाखान्याच्या केसपेपरवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज दिसतात. ते फक्त मराठी माणसाचे नाहीत. हिंदी-गुजराती बोलणारेही तेच बोलतात, त्यामुळे शहरात ते कोणाच्या कानाला खटकत नाहीत. पंचाईत होते ती पत्र शहराबाहेरच्या माणसाकडे गेल्यावर.

तिन्ही प्रयोग एकाच मापाचे मानले जातात, ते बरोबर नाही. पहिले दोन ऐकून लोक हसतात, पण त्यांनी अर्थाचं काही बिघडत नाही. तिसऱ्यावर कोणी हसत नाही आणि घोटाळा मात्र तोच करतो.

आधी पहिले दोन. मराठीत दिवस आणि प्रहर यांची जोडी सरळ लागते: आज, काल, उद्या यांतलं काहीही घ्या, पुढे सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री यांतलं काहीही लावा. इंग्रजीत ही जोडी काही ठिकाणी मोडते, आणि ती ठिकाणं मोजकी आहेत. ‘उद्या’ला काहीच अडचण नाही; ‘टुमॉरो मॉर्निंग’पासून ‘टुमॉरो नाइट’पर्यंत सगळं चालतं. ‘काल’ची फक्त रात्र वेगळी: ‘यस्टरडे मॉर्निंग’, ‘यस्टरडे आफ्टरनून’, ‘यस्टरडे ईव्हनिंग’ ठीक, पण रात्रीला ‘लास्ट नाइट’. ‘आज’चे मात्र चारही प्रहर बदलतात. ‘धिस मॉर्निंग’, ‘धिस आफ्टरनून’, ‘धिस ईव्हनिंग’ आणि रात्रीला ‘टुनाइट’. ‘टुडे’ यांच्यात कुठेच येत नाही.

याला कारण आहे, पण अर्धंच. ‘टुडे’ हा मुळात ‘टु’ आणि ‘डे’ असा दोन शब्दांचा जोड असून त्याचा अर्थच ‘या दिवशी’ असा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील इंग्रजीत तो मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेला सर्रास सापडतो. ‘टुनाइट’ही तसाच, म्हणजे ‘या रात्री’. तेव्हा ‘टुडे नाइट’मध्ये ‘या दिवशी’ला ‘रात्र’ चिकटते. पण हाच न्याय लावायचा तर ‘टुमॉरो मॉर्निंग’ही चुकायला हवं, कारण त्यातल्या ‘मॉरो’चा मूळ अर्थच सकाळ. ते कोणी चूक म्हणत नाही. बाकीचं काम रूढीचं. जुन्या इंग्रजीत ‘यस्टरनाइट’ असा शब्द होताच, तो मागे पडला आणि ‘लास्ट नाइट’ उरलं. ‘यस्टरडे नाइट’ अधूनमधून अमेरिकन माणसाच्या तोंडीही ऐकू येतं, आणि जर्मन माणूस तर आपल्यासारखंच ‘आज सकाळ’ अशी जोडी करतो. त्यामुळे मुंबईतल्या मुंबईत कोणाला ‘यस्टरडे नाइट’वरून टोकणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

आता ‘फ्रॉम लास्ट वीक’. इथे खरी भानगड ‘-पासून’ या शब्दयोगी अव्ययात आहे. मराठीत ते तीन वेगळी कामं एकट्याने करतं. ‘सोमवारपासून पाणी नाही’ यात ते सुरुवातीचा बिंदू दाखवतं, ‘दोन दिवसांपासून पाणी नाही’ यात गेलेली मुदत मोजतं, आणि ‘उद्यापासून पाणी येईल’ यात पुढची सुरुवात सांगतं. इंग्रजीत या तीन कामांना तीन माणसं आहेत: ‘सिन्स मंडे’, ‘फॉर टू डेज’ आणि ‘फ्रॉम टुमॉरो’. शाळेत ‘पासून म्हणजे फ्रॉम’ एवढंच पाठ झालेलं असतं, म्हणून तिन्हीकडे ‘फ्रॉम’ जातं. कोणीतरी एकदा टोकलं की मग तिन्हीकडे ‘सिन्स’ जातं आणि ‘सिन्स टू डेज’ जन्माला येतं.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘-पासून’च्या आधी जे आहे त्यावर कॅलेंडरमध्ये बोट ठेवता येतं का? सोमवार, गणपती, २०१५, काल रात्र: बोट ठेवता आलं तर ‘सिन्स’. आणि ते मोजता येतं का? दोन दिवस, तीन वर्षं, बराच वेळ: मोजता आलं तर ‘फॉर’. ‘फ्रॉम’ राहतं ते पुढच्या गोष्टीसाठी, किंवा जिथे शेवटही सांगितलाय तिथे: ‘फ्रॉम मंडे टु फ्रायडे’.

शिवाय क्रियापदही बदलावं लागतं, आणि हीच जागा बहुतेकांची सुटते. मराठीत ‘मी २०१५ पासून बोरिवलीत राहतो’ हे साधं वर्तमान आहे. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजवर चाललेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतं: ‘आय हॅव लिव्ह्ड इन बोरिवली सिन्स २०१५’. नुसतं ‘फ्रॉम’ काढून ‘सिन्स’ घातलं आणि ‘आय ॲम लिव्हिंग’ तसंच ठेवलं, तर दुरुस्ती अर्धीच झाली.

‘फ्रॉम लास्ट वीक’ हे शब्द इंग्रजीत चुकीचे मात्र नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. त्यांचा अर्थ होतो ‘गेल्या आठवड्यातलं’. ‘द फिश फ्रॉम लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यात आणलेली, फ्रीजमध्ये राहिलेली मासळी. म्हणून ‘द प्रॉब्लेम इज फ्रॉम लास्ट वीक’ असं लंडनच्या ग्राहकाला कळवलं, तर तो ‘गेल्या आठवड्यातली अडचण’ असं वाचू शकतो, म्हणजे मिटलेली असेल बहुतेक. आपल्याला सांगायचं असतं की ती अजून चालू आहे.

एक नेहमीचा नमुना पाहू. आजारपणाच्या रजेचा मेल. मनातलं मराठी असं: ‘काल रात्रीपासून ताप आहे. खोकला गेल्या आठवड्यापासूनच होता. आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. आज रात्रीपर्यंत बरं वाटलं तर उद्या येतो.’ लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने टाइप केलेलं इंग्रजी असं होतं: ‘आय ॲम हॅविंग फीवर फ्रॉम यस्टरडे नाइट. कफ वॉज देअर फ्रॉम लास्ट वीक ओन्ली. टुडे मॉर्निंग आय हॅव गॉन टु डॉक्टर. टिल टुडे नाइट इफ आय फील बेटर, आय विल कम टुमॉरो.’

पहिल्या वाक्यात ताप अजून आहे आणि रात्रीवर बोट ठेवता येतं, म्हणून ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स लास्ट नाइट’. दुसऱ्यात ‘वॉज’मुळे खोकला थांबल्यासारखा वाटतो, तो चालू असेल तर ‘आय हॅव हॅड अ कफ सिन्स लास्ट वीक’. आपला ‘-च’ दाखवणारं ‘ओन्ली’ सरळ गाळायचं, इंग्रजीत ते ‘फक्त’ होतं. तिसऱ्यात ‘जाऊन आलो’चं ‘हॅव गॉन’ झालं, त्याचा अर्थ माणूस अजून तिकडेच आहे असा निघतो. ‘आय वेंट टु द डॉक्टर धिस मॉर्निंग’ एवढं पुरे. चौथ्यात ‘-पर्यंत’ने ‘-पासून’सारखाच दगा दिलाय. चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’, मुदतीआधी होऊन जाणाऱ्या गोष्टीला ‘बाय’. बरं वाटणं हे मुदतीआधी व्हायचंय, तेव्हा ‘इफ आय फील बेटर बाय टुनाइट, आय विल कम इन टुमॉरो’.

‘गेल्या आठवड्यापासून’मध्ये आणखी एक संदिग्धता मराठीतच आहे. आज बुधवार असेल आणि खोकला मागच्या शुक्रवारी सुरू झाला असेल, तरी आपण ‘गेल्या आठवड्यापासून’ म्हणतो; पुरते सात दिवस झाले असतील तरीही तेच म्हणतो. इंग्रजीत पहिलं ‘सिन्स लास्ट वीक’ आणि दुसरं ‘फॉर द पास्ट वीक’. डॉक्टरला दिवस मोजायचे असतात, त्याला सरळ ‘सिन्स फ्रायडे’ सांगावं.

मध्यरात्रीनंतरच्या वेळेचं प्रकरण वेगळं आहे. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, आणि बोलण्यातही आपण तेच पाळतो. शेवटची लोकल पकडून घरी आलेला माणूस सकाळी म्हणतो, ‘काल रात्री साडेबाराला पोचलो.’ घड्याळाच्या हिशेबाने ती आजची तारीख झालेली असते. इंग्रजीतलं ‘लास्ट नाइट’ इथे चपखल बसतं, कारण त्यात तारीख नाहीच, फक्त नुकतीच सरलेली रात्र आहे. पण ‘काल’ला धरून ‘यस्टरडे ॲट १२:३० एएम’ लिहिलं की वेळ चोवीस तास मागे सरकते. सर्व्हर बंद पडल्याची वेळ कळवताना हे घडलं, तर समोरचा चुकीच्या दिवसाचा लॉग तपासत बसतो. अशा ठिकाणी ‘काल’ही नको आणि ‘लास्ट नाइट’ही नको. तारीख, वेळ आणि ती भारताची की तिथली, एवढं लिहावं. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं, त्यामुळे आपली रात्र त्यांची संध्याकाळ असू शकते.

रेल्वेच्या तिकिटावर हाच गोंधळ शुद्ध मराठीत होतो. गाडी १५ तारखेला ००:२० वाजता सुटणार म्हणजे १४ तारखेला जेवून निघायला हवं. ‘१५ च्या रात्रीची गाडी’ असं घरात ठरलं, की दुसऱ्या दिवशी रात्री फलाटावर सामानासकट उभं राहिल्यावर कळतं, आपली गाडी काल रात्रीच गेली.

प्रहरांच्या सीमाही दोन भाषांत जुळत नाहीत. आपले रात्रीचे साडेआठ इंग्रजीत ‘हाफ पास्ट एट इन द ईव्हनिंग’ होतात आणि रात्रीचे दोन होतात ‘टू इन द मॉर्निंग’. उलट ‘लास्ट नाइट’ संध्याकाळपासूनच सुरू होऊ शकतं. काल सातच्या खेळाला पाहिलेलं नाटकही त्यात बसतं. पहाटेला एकच शब्द मिळत नाही. ‘आज पहाटे’चं ‘अर्ली धिस मॉर्निंग’ करावं लागतं.

‘परवा’ तर दोन्ही दिशांना चालतो. गेलेला परवा ‘द डे बिफोर यस्टरडे’, येणारा ‘द डे आफ्टर टुमॉरो’. गेल्या परवाच्या रात्रीला ‘डे बिफोर यस्टरडे नाइट’ अशी आगगाडी जोडायची गरज नाही, ‘द नाइट बिफोर लास्ट’ म्हणतात. आणि ‘परवाच भेटला होता की तो’ म्हणताना आपल्या मनात नेमका परवा नसतो, आठवडाही झालेला असतो. तो परवा इंग्रजीत ‘द अदर डे’.